चोवीस गोळ्यांचा फोन

रकाना १. घटना काय घडली? (पन्नास शब्दांत लिहावे)

शनिवारी दुपारी साडेबाराला अपघात विभागात एक बसड्रायव्हर, वय एकेचाळीस, बेशुद्धावस्थेत आणला. श्वास मिनिटाला सहा. ओठ निळसर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सोबत मोठी बहीण, कुबड्यांवर. तिच्या पिशवीत कोडीन या वेदनाशामकाच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा. उताऱ्याचं इंजेक्शन दिल्यावर रुग्ण शुद्धीवर आला.

यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि यात मी कुठेच नाही.

मेट्रनबाई म्हणाल्या, "अहवालात काय घडलं तेवढंच लिही. रडगाणं नको." म्हणून मी दोन कागद घेतले. एक त्यांना द्यायचा. दुसरा हा. रकाने तेच ठेवलेत, कारण रकान्यांबाहेर लिहायची मला अठरा वर्षांत सवयच राहिली नाही.

रकाना २. रुग्णाचा पूर्वेतिहास

ड्रायव्हरचा काही नाही. दाढ काढली होती गुरुवारी, एवढंच. मान जाड, झोपेत घोरतो, असं बहीण म्हणाली.

बहिणीचा आहे. पण ती या अहवालात रुग्ण नाही, तिच्यासाठी रकाना नाही.

म्हणून इथेच लिहिते. बाई कपडे शिवतात. जिन्यावरून पडून घोटा मोडला, प्लेट बसवली. तीन दिवस आमच्या वॉर्डात होत्या, खिडकीखालच्या खाटेवर. तेव्हा माझी ड्यूटी तिथे होती, आता अपघात विभागात आहे. कोडीनच्या दोन-दोन गोळ्या दर सहा तासांनी, सोबत पॅरासिटॅमॉल. सगळ्यांना हेच देतो.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "सिस्टर, या गोळीनं काहीच होत नाहीये हो."

मी म्हटलं, "अर्धा तास थांबा."

अर्ध्या तासानं म्हणाल्या, "थांबले."

तो शब्द मला झोंबला. त्यात टोमणा नव्हता. नुसतं सांगणं होतं. मी टोमणा ऐकला. पाळी बदलताना दुपारच्या सिस्टरला मी सांगितलं, "खिडकीखाली राणीसाहेब आहेत. नखरे सांभाळ." ती हसली. रात्रीच्या सिस्टरनं येताच विचारलं, "राणीसाहेब कुठल्या?" मग कुणी नीट बघितलंच नाही. पाळीगणिक तीन वेगवेगळ्या बाया त्या खाटेशी जायच्या, आणि तिघींच्या डोळ्यांत माझंच मत असायचं. आमच्याकडे नर्स बदलतात, टोपणनाव बदलत नाही.

आमची एक ठरलेली खूण आहे. गोळी लागू पडली की पेशंटचं पोट तुंबतं. कोडीनवरचा माणूस तिसऱ्या दिवशी हमखास चेहरा पाडून रेचक मागतो. बाईंनी मागितलं नाही. मी त्यावरही बोलले, "राणीसाहेबांचं पोट तेवढं छान चाललंय." खुणेसारखी खूण समोर होती आणि मी तिच्यावर विनोद केला.

राउंडला वॉर्डच्या निवासी डॉक्टरांनी मला विचारलं, बाईंना नाही. "गोळी बदलायची का?"

मी मान हलवली. "झोपतात छान. दुखणं आहे त्यापेक्षा आवाज जास्त आहे."

चार्टमध्येही लिहिलं. वेदनेची तक्रार प्रमाणाबाहेर. वारंवार गोळ्यांची मागणी. हे मी लिहिलं. सही माझी. अक्षर सुवाच्य.

त्या झोपत नव्हत्या. डोळे मिटून पडत होत्या. आमच्याशी बोलायला लागू नये म्हणून. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

रकाना ३. तत्काळ केलेली कार्यवाही

हे चांगलं केलं. हे खोडायला नको.

मास्क लावला, त्याची पिशवी दाबून श्वास दिला, शीर धरली. बाहुल्या बघितल्याबरोबर डॉक्टर म्हणाले, "नॅलोक्सोन काढा." अफूच्या जातीच्या औषधांवरचा तो उतारा मी आधीच काढला होता. दुसऱ्या डोसला ड्रायव्हर कण्हत उठला, ओकला, आणि म्हणाला, "कुठला स्टॉप?"

बहीण भिंतीला टेकली आणि हसता हसता रडली.

पाऊण तासात तो पुन्हा गुंगीत खोल चालला. हे व्हायचंच. उतारा लवकर सरतो, अंगातलं औषध मागे राहतं. मग ड्रिपमधून उतारा चालू ठेवला आणि मी खाटेशेजारी उभी राहून श्वास मोजत राहिले. आठ. नऊ. दहा. दोन्ही हात चालत होते. तोंड बंद होतं.

तोंड बंद होतं, कारण बाईंना मी ओळखलं होतं. त्यांनी मला आधीच ओळखलं होतं.

रकाना ४. औषधाचा हिशेब

पिशवीत चार स्ट्रिपा. बाईंना घरी जाताना चाळीस गोळ्या दिल्या होत्या, सहा उरल्या होत्या. डॉक्टरांनी स्ट्रिपा उताण्या-पालथ्या केल्या.

"चौतीस गायब. एवढ्या घेतल्या यानं?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "यानं दहा. शुक्रवारी सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी दोन, झोपताना दोन, आज सकाळी दोन. माझ्याच हातानं दिल्या. पाकिटावर लिहिलंय तशा. बाकीच्या चोवीस मी घेतल्या होत्या, घरी आल्यावर पहिल्या तीन दिवसांत."

"आणि तुम्हाला काही झालं नाही."

"मला गुण येत नाही त्याचा."

डॉक्टर माझ्याकडे बघून कसनुसं हसले. पेशंट काय वाट्टेल ते सांगतात, या अर्थाचं ते हसू. मी ते हसू ओळखते. मीही तसंच हसते. त्या वेळीही हसले बहुतेक.

तेवढ्यात लघवीचा रिपोर्ट आला. अफूच्या जातीचं औषध, पॉझिटिव्ह.

झालं. दोनाला दोन जोडले गेले. ड्रायव्हर माणूस, चौतीस गोळ्या, लघवीत हे. बसच्या ड्रायव्हरचं असं काही आढळलं तर डेपोच्या डॉक्टरांना कळवायचा नियम आहे. निवासी डॉक्टरांनी पत्र भरायला घेतलं. व्यसनाचा संशय. ते वाईट डॉक्टर नाहीत. नियमानंच चालले होते.

बाई कुबडी सावरत पुढे आल्या. "साहेब, त्याला साधी तंबाखूसुद्धा नाही. हे पत्र गेलं तर त्याला परत गाडीवर बसवणार नाहीत. त्याच्या पगारावर दोन घरं चालतात. माझं एक धरून."

"ताई, आम्ही फक्त कळवतो. ठरवायचं ते डेपोनं."

"पण मी खरं सांगतेय."

"असेल. पुरावा काय?"

मी ड्रिपचा वेग बघत होते. थेंब मोजत होते. पुरावा खाटेच्या या बाजूला पांढऱ्या कपड्यांत उभा होता.

रकाना ५. घटनेशी संबंधित कोणतेही आधीचे संभाषण (असल्यास)

असल्यास.

घरी गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी वॉर्डात फोन केला होता. फोन मी उचलला. नाव सांगितलं त्यांनी, खाट सांगितली. म्हणाल्या, "सिस्टर, तीन दिवस झाले, चोवीस गोळ्या संपल्या. मोजून घेतल्या. एक कण फरक नाही. दुसरं काही मिळेल का?"

फोनवर आलेली तक्रार वहीत लिहायची असते. वही टेबलावर होती. पेन खिशाला होतं.

मी म्हटलं, "अहो, काय चोवीस मोजत बसलात. साधी गोळी आहे ती. घरात कुणाचं डोकं दुखो, दाढ दुखो, कुणालाही चालेल. जगाला चालते, तुम्हालाच तेवढी लागू पडत नाही."

शेजारच्या सिस्टरला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हटलं. ती हसली. बाई म्हणाल्या, "बरं. ठेवते."

वहीत मी लिहिलं नाही. काय लिहिणार होते? राणीसाहेबांचा फोन?

त्यानंतर त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि दात आवळून दोन आठवडे काढले. उरलेल्या सोळा कपाटात ठेवल्या. भावाची दाढ निघाली, तो गाल धरून बसला, तेव्हा कपाट उघडलं. भाऊ म्हणाला, "ताई, डॉक्टरला विचारू का?" ताई म्हणाल्या, "मी विचारलंय."

रकाना ६. इतर विभागांचा सहभाग

औषध विभागातले फार्मासिस्ट काका उताऱ्याचा साठा तपासायला वर आले होते. त्यांचं हे रोजचं काम. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, चष्मा दोरीला, बोलणं संथ. त्यांनी पत्र बघितलं, स्ट्रिपा बघितल्या, आणि स्टूल ओढून बाईंच्या समोर बसले. त्या दुपारी बाईंसमोर बसलेला तो पहिला माणूस. बाकी आम्ही सगळे उभ्याउभ्याच बोललो होतो.

"चोवीस गोळ्यांत तुम्हाला काहीच वाटलं नाही? झोप, मळमळ, पोट जड?"

"काही नाही. खडू खाल्ल्यासारखं."

"आणि हा, दहांत असा."

"हो ना. अशक्तच म्हणायचा."

"अशक्त नाही हो. उलट आहे." काकांनी चष्मा पुसला. "या गोळीत जे असतं ना, ते स्वतः दुखणं फारसं थांबवत नाही. आपल्या यकृतात एक एन्झाइम असतं. ते त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फिन करतं. दुखणं थांबवतं ते मॉर्फिन. काही माणसांत हे एन्झाइम कामच करत नाही. त्यांनी कितीही गोळ्या खाव्यात, मॉर्फिन होतच नाही म्हणा ना. काहींत ते नको तितकं काम करतं. गोळी नेहमीची, पण अंगात मॉर्फिन भलतंच होतं, आणि झपाट्यानं. त्यात हा घोरणारा. श्वास आधीच अडतो."

डॉक्टर म्हणाले, "पण सख्खी भावंडं आहेत, काका. एकाला शून्य आणि एकाला जास्त?"

"म्हणूनच तर. प्रत्येकाला हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाची एक बाजू आईकडून येते, एक वडिलांकडून. समजा आईची एक बाजू चालू, एक बंद. वडिलांची एक बंद, आणि दुसरीवर एकाच्या जागी दोन-तीन प्रती. हिच्या वाट्याला दोन्हीकडच्या बंद आल्या. ह्याच्या वाट्याला दोन्हीकडच्या चालू, त्यात वडिलांची ती जास्तीची." मग बाईंकडे वळून, "वडिलांना कधी खोकल्याचं औषध दिलं होतंत?"

बाई म्हणाल्या, "चमचाभर घेतलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठायचे नाहीत. आम्ही हसायचो. आई म्हणायची, यांना औषध दाखवलं तरी झोप येते."

"कुठलं औषध ते आता कळायचं नाही. पण त्यांतल्या काहींत हेच असतं," काका म्हणाले. "हा माझा अंदाज झाला. रक्त पाठवू दोघांचं, रिपोर्टला दिवस लागतील. लघवीचं म्हणाल, तर कोडीन घेतलेल्याची ती पॉझिटिव्ह येणारच. त्यानं नशा सिद्ध होत नाही. पण पत्र आज जातंय. आणि अंदाज उभा आहे तो एका गोष्टीवर. या चोवीस खरंच यांनी घेतल्या का? याची नोंद कुठे आहे?"

"मी वॉर्डला फोन केला होता," बाई म्हणाल्या.

"कुणी घेतला?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. ड्रिपकडे बघितलं.

"आवाज ओळखीचा होता. नाव नाही विचारलं."

रकाना ७. कर्मचाऱ्याने माहिती दिल्याची वेळ

तीन वाजून दहा मिनिटं.

बारा-तीस ते तीन-दहा. दोन तास चाळीस मिनिटं. एवढा वेळ मला ठाऊक होतं.

फोन कुणी घेतला, हे काकांनी विचारल्यावरही मी बोलले नाही. म्हटलं, "कापूस आणते." कापूस ट्रॉलीवर होता. मी साठ्याच्या खोलीत गेले, दार लोटलं, आणि सलाइनच्या खोक्यांसमोर उभी राहिले. सलाइनच्या खोक्यांवर वर आणि खाली लिहिलेलं असतं, बाणांसकट. ते मी वाचलं. मनात आलं, वहीत नोंद नाही म्हणजे फोन झालाच नाही, असंही म्हणता येईल. बाईंनी नाव विचारलं नव्हतं. त्या सांगणार नव्हत्या. मला वाचवायला नाही. सांगून काही होतं, यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. ते त्यांना आम्ही शिकवलं होतं, तीन पाळ्यांत मिळून.

किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. कापूस घेऊन परत आले. खरंच घेऊन आले, हातात भलामोठा गुंडाळा.

"फोन मी घेतला होता," मी म्हटलं.

डॉक्टरांचं पेन कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

"चौथ्या दिवशी. त्यांनी चोवीस गोळ्या संपल्या असं सांगितलं होतं. मोजून. वहीत मी लिहिलं नाही. आणि," मी ट्रॉलीचा दांडा धरला, "घरात कुणालाही चालेल, असं मीच सांगितलं."

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे मघाशी का नाही बोललात?"

भीती म्हणावी तर कशाची? नोकरी जाणार नव्हती. लाज वाटली म्हणून गप्प बसले, आणि गप्प बसले म्हणून जास्त लाज वाटली.

खाटेवरून ड्रायव्हर जाड जिभेनं म्हणाला, "ताई, या सिस्टरना पाणी द्या कुणीतरी. पडतील."

रकाना ८. सुधारणात्मक उपाय

डॉक्टरांनी पत्र थांबवलं नाही. भरलेलं पत्र फाडता येत नाही, त्यावर क्रमांक पडलेला असतो. त्यांनी संशयाच्या ओळीवर आडवी रेघ मारली, सही केली, आणि खाली लिहिलं की खुलासा सोबत जोडला आहे. खुलासा मी लिहायचा. तोवर ड्रायव्हर गाडीवर जाणार नाही.

दोघांच्या कार्डांवर लाल शाईत लिहिलं. कोडीन नाही, ट्रॅमाडॉल नाही. ट्रॅमाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकालाही तेच एन्झाइम लागतं, काका म्हणाले. ड्रायव्हरच्या दोन मुलांची तपासणी करून घ्या, असंही सांगितलं. त्यांच्यातल्या कुणाला वडिलांची जास्तीची बाजू आली असू शकते.

रिपोर्ट अकरा दिवसांनी आला. काकांचा अंदाज बरोबर निघाला, बहिणीचाही आणि भावाचाही. मला बरं वाटलं नाही. रिपोर्ट यायच्या आधीही बाई खरंच बोलत होत्या.

जुन्या चार्टमधली माझी ओळ खोडता येत नाही. तिच्याखाली नवी लिहिली. रुग्णाची तक्रार योग्य होती. गोळी तिच्या शरीरात निरुपयोगी होती. तारीख. सही. आता जो कुणी तो चार्ट उघडेल, त्याला दोन्ही सह्या एकाखाली एक दिसतील.

मेट्रनबाईंनी मला समज दिली. तेवढीच. दुपारच्या सिस्टरनं डबा खाताना विचारलं, "तू कशाला बोललीस गं? वहीत तर नव्हतं." मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं.

रकाना ९. रुग्ण किंवा नातेवाइकाचे म्हणणे

हा रकाना आम्ही कधी भरत नाही. "काही नाही" असं लिहून देतो.

खुलासा लिहून झाल्यावर मी तो घेऊन बाईंकडे गेले. त्या भावाच्या खाटेशी बसल्या होत्या, कुबड्या भिंतीला. भाऊ उठून बसला होता आणि पेज नाकारत होता. मी कागद पुढे केला. "पाठवायच्या आधी वाचून बघा."

त्यांनी आधी तो घेतला नाही. म्हणाल्या, "माझ्याबद्दल तेव्हा काय लिहिलं होतं, ते आधी वाचून दाखवा."

चार्ट मागवला. वाचून दाखवलं. वेदनेची तक्रार प्रमाणाबाहेर. वारंवार गोळ्यांची मागणी. मोठ्यानं वाचायला किती छोटी ओळ होती. भाऊ पेजेच्या वाटीकडे बघत बसला.

"प्रमाण कुणाचं?" बाईंनी विचारलं.

मी चार्ट मिटला.

मग त्यांनी खुलासा वाचला, सावकाश, बोट ओळीखाली ठेवून, कापड कापायच्या आधी खूण तपासावी तसा. संपल्यावर म्हणाल्या, "यात सगळं तुम्हीच केलंय. फोन तुम्ही घेतला, तुम्ही सांगितलं, तुम्ही लिहिलं नाही. मी कुठे आहे?"

"तुमची काहीच चूक नाही."

"चूक कोण म्हणतंय? मी दिल्या त्याला. माझ्या हातानं. पाच वेळा. सकाळच्या दोन तर तो घोरत होता तरी हलवून उठवून दिल्या, वेळ चुकायला नको म्हणून. हे लिहा."

"ताई, राहू दे," भाऊ म्हणाला.

"तू पेज पी." मग माझ्याकडे वळून, "आणि का दिल्या, तेही लिहा. तीन दिवस तुम्ही माझं खरं मानलं नाहीत. मी मात्र तुमचं मानलं. तुम्ही म्हणालात चालेल, म्हणून दिल्या. विचारून दिल्या."

मी खाटेच्या कडेला अहवाल टेकवून त्यातला हा रकाना लिहायला लागले. त्या सांगत गेल्या. शेवटच्या वाक्याला मी "सिस्टरच्या सल्ल्यानुसार" असं लिहिलं. त्यांनी बोट ठेवलं.

"सल्ला नाही. विश्वास लिहा."

लिहिलं. रकाना भरला, लिहिणं समासात गेलं, समासातून मागच्या पानावर. त्यांनी खाली सही केली, माझ्या सहीपेक्षा ठसठशीत.

सोमवारी डेपोच्या डॉक्टरांनी मला बोलावलंय. कागद पुरत नाही, तोंडी विचारायचंय म्हणे. तिथे त्यांचे दोन अधिकारी असतील, युनियनचा माणूस असेल, आणि बाई असतील. ड्रायव्हर परत गाडीवर जाईल की नाही, ते त्यानंतर ठरेल. मी काय बोलायचं ते पाठ केलेलं नाही. हा दुसरा कागद सोबत नेणार आहे.